एपीआय उतरला, एसपीआर चढला: हिवतापाचे आकडे वाचायचे कसे

प्रश्न: आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची लोकसंख्या ३०,०००. गेल्या वर्षी ३,६०० रक्तनमुने तपासले, ७२ दूषित निघाले. या वर्षी १,८०० तपासले, ५४ दूषित. एपीआय २.४ वरून १.८ वर आला, पण एसपीआर २ टक्क्यांवरून ३ टक्के झाला. बैठकीत एक जण म्हणतो हिवताप घटला, दुसरा म्हणतो वाढला. खरं कोणाचं?

उत्तर:

एवढ्या चार आकड्यांवरून दोघांचंही म्हणणं सिद्ध होत नाही. ठामपणे सांगता येते ती एकच गोष्ट: तुमची रक्त तपासणी निम्म्यावर आली आहे. हिवतापाचं काय झालं हे कळायला हेच आकडे आणखी दोन पद्धतींनी फोडावे लागतील. ती फोड करायला लागणारी सगळी माहिती तुमच्याच नोंदवहीत आहे.

आधी तिन्ही निर्देशांकांचं नातं पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. वार्षिक रक्त तपासणी दर, म्हणजे एबीईआर, हा वर्षभरात तपासलेल्या नमुन्यांचं लोकसंख्येशी असलेलं शेकडा प्रमाण. एसपीआर म्हणजे तपासलेल्या दर शंभर नमुन्यांत दूषित किती. एपीआय म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षात सापडलेले दूषित रुग्ण. पहिल्या दोन्हींचा गुणाकार करून दहाने भागलं की तिसरा मिळतो:

```
एपीआय = एबीईआर × एसपीआर ÷ १०

गेले वर्ष : १२ × २ ÷ १० = २.४
हे वर्ष   :  ६ × ३ ÷ १० = १.८
```

हे सूत्र रोजच्या कामातही उपयोगी पडतं. अहवालातले तीन आकडे त्यात बसले नाहीत, तर कुठेतरी लोकसंख्या वेगळी धरली आहे किंवा बेरीज चुकली आहे, हे लगेच कळतं. पण त्याचा खरा अर्थ याहून मोठा आहे. एपीआय हा हिवतापाचा स्वतंत्र मोजमाप नाही. आपण किती शोधलं आणि शोधलेल्यांत किती सापडलं, या दोन गोष्टी त्यात एकत्र मिसळलेल्या असतात. शोधणं निम्म्यावर आणलं की गावात डासांचं आणि परजीवींचं काहीही झालेलं नसताना एपीआय खाली येतो. म्हणून एबीईआर शेजारी लिहिल्याशिवाय एपीआय वाचू नये. एबीईआर १२ वरून ६ झाला असेल तर त्या दोन वर्षांचे एपीआय सरळ सरळ एकमेकांशी ताडून पाहता येतच नाहीत.

मग लोक म्हणतात, एसपीआर पाहा, तो किती नमुने घेतले यावर अवलंबून नसतो. हे अर्धंच खरं आहे. एसपीआर नमुन्यांच्या संख्येवर थेट अवलंबून नसतो, पण नमुने कोणाचे घेतले यावर तो पूर्णपणे अवलंबून असतो. तुमच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे.

रक्तनमुने दोन वाटांनी येतात. आरोग्य सेवक दर पंधरवड्याला घरोघर जातो, आत्ता किंवा गेल्या चौदा दिवसांत कोणाला ताप आला होता का हे विचारतो आणि नमुना घेतो, ते प्रत्यक्ष सर्वेक्षण. रुग्ण स्वतःच्या पायाने ओपीडीत, उपकेंद्रात किंवा आशाकडे येतो आणि नमुना देतो, ते अप्रत्यक्ष सर्वेक्षण. दुसऱ्या वाटेने येणारा माणूस जास्त आजारी असतो. थंडी वाजून ताप चढलेला असतो, तेव्हाच तो दवाखान्याची वाट धरतो. त्यामुळे अप्रत्यक्ष नमुन्यांत दूषितांचं प्रमाण साधारणपणे जास्त असतं आणि घरोघरच्या नमुन्यांत कमी. एकूण एसपीआर हा या दोन प्रमाणांची सरासरी असतो. एका वाटेचे नमुने घटले की ही सरासरी दुसऱ्या वाटेकडे सरकते.

तुम्ही ही फोड दिलेली नाही, म्हणून एक नमुन्यादाखल धरतो. बेरजा तुमच्याच आहेत, फोड मात्र समजण्यापुरती आहे.

| | गेले वर्ष: नमुने | दूषित | एसपीआर | हे वर्ष: नमुने | दूषित | एसपीआर |
|---|---|---|---|---|---|---|
| प्रत्यक्ष | २,४०० | २४ | १.० | ७०० | ७ | १.० |
| अप्रत्यक्ष | १,२०० | ४८ | ४.० | १,१०० | ४७ | ४.३ |
| एकूण | ३,६०० | ७२ | २.० | १,८०० | ५४ | ३.० |

दोन्ही ओळी नीट पाहा. घरोघरच्या नमुन्यांत गेल्या वर्षी शंभरात एक दूषित होता, या वर्षीही एकच. ओपीडीत चार होते, या वर्षी सव्वाचार. दोन्ही वाटांवर परिस्थिती जवळपास जशीच्या तशी आहे. तरीही एकूण एसपीआर दीडपट झाला, कारण कमी दूषित असलेली घरोघरची वाट २,४०० वरून ७०० वर आली आणि सरासरी ओपीडीकडे झुकली. फोड अशी निघाली तर एपीआयची घट खोटी आणि एसपीआरची वाढही खोटी.

याची बेरीजही करून पाहता येते. या वर्षीचे एसपीआर गेल्या वर्षीच्या नमुन्यांना लावायचे. २,४०० नमुन्यांवर १ टक्का म्हणजे २४, आणि १,२०० नमुन्यांवर ४.२७ टक्के म्हणजे सुमारे ५१. एकूण ७५ रुग्ण, म्हणजे एपीआय २.५. तपासणी गेल्या वर्षीइतकीच झाली असती तर साधारण हाच आकडा आला असता. गेल्या वर्षीचा २.४ होता. म्हणजे हिवताप जिथे होता तिथेच आहे.

आता तीच बेरीज, पण वेगळी फोड. समजा या वर्षी घरोघर ९०० नमुने घेतले आणि त्यांत २४ दूषित निघाले. ओपीडीत ९०० घेतले, त्यांत ३०. एकूण पुन्हा १,८०० आणि ५४. पण आता घरोघरचा एसपीआर १ वरून २.७ झाला आहे आणि ओपीडीचा ४ वरून ३.३ वर उतरला आहे. याच पद्धतीने गेल्या वर्षीच्या नमुन्यांवर मोजलं तर सुमारे १०४ रुग्ण, म्हणजे एपीआय ३.५ च्या आसपास येतो. इथे गावात प्रसार खरोखर वाढलेला असू शकतो आणि आजारी माणसं तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. कदाचित ती खाजगी डॉक्टरकडे जात असतील, कदाचित पावसात रस्ता बंद असेल. वरचे चार आकडे तेच राहून एकदा अर्थ ‘काही बदललं नाही’ असा निघतो आणि एकदा ‘तातडीने गावात जा’ असा. म्हणून फोड केल्याशिवाय बैठकीत बोलू नये.

या हिशेबाची एक मर्यादा लक्षात ठेवा. ज्यांचे नमुने घेतलेच नाहीत त्यांच्यातही दूषितांचं प्रमाण तपासलेल्यांइतकंच असेल, असं आपण गृहीत धरतो. सुटलेली गावं आणि तपासलेली गावं सारखीच असतील तर हे चालतं. सुटलेलं गाव जर नेमकं जास्त हिवतापाचं असेल, तर खरा आकडा याहून वर असतो. त्यासाठीच दुसरी फोड लागते, उपकेंद्रनिहाय.

केंद्राखाली धरा सहा-सात उपकेंद्रं आहेत. त्यांतलं एक जंगलाकडचं, ३,००० लोकसंख्येचं, आणि तिथलं आरोग्य सेवकाचं पद वर्षभर रिकामं. त्याचे आकडे समजा असे निघाले: गेल्या वर्षी ४८० नमुने, ३० दूषित, या वर्षी १२० नमुने, १८ दूषित. एबीईआर १६ वरून ४ वर, एसपीआर ६.२५ वरून १५ वर, एपीआय १० वरून ६ वर. कागदावर हे उपकेंद्र सुधारलेलं दिसतं, एपीआयमध्ये चाळीस टक्के घट.

आत शिरून पाहू. गेल्या वर्षी घरोघरच्या ४०० नमुन्यांत १४ दूषित होते आणि स्वतः आलेल्या ८० जणांत १६. या वर्षी घरोघर फक्त ४२ नमुने घेतले गेले, त्यांत २ दूषित. स्वतः आलेल्या ७८ जणांत १६. ओपीडीत येणारे आणि त्यांत दूषित निघणारे, दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत. म्हणजे गावातला प्रसार तसाच चालू आहे. घरोघरचे ३५८ नमुने मात्र घेतलेच गेले नाहीत. गेल्या वर्षीच्या साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने त्यांत १२-१३ दूषित रुग्ण सापडायला हवे होते. ते सापडले नाहीत, म्हणून त्यांना समूळ उपचारही मिळाला नाही. एपीआय १० वरून ६ झाला म्हणजे दर हजारी चार रुग्ण कमी दिसतात, ३,००० लोकसंख्येत १२. कागदावर घटलेले हेच ते बारा. ते बरे झालेले नाहीत, गावातच आहेत. फॅल्सिपेरम असेल तर काहींच्या रक्तात लैंगिक अवस्थेतले परजीवी असतील आणि ॲनोफिलिस डास ते उचलतील. काही फॅल्सिपेरम रुग्णांचा आजार गंभीर वळणही घेऊ शकतो. व्हायवॅक्स असेल आणि प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स झालेला नसेल, तर यकृतातल्या सुप्त परजीवींमुळे ताप काही महिन्यांनी पुन्हा उलटू शकतो.

इथे एपीआयच्या आकड्याचे व्यवहारातले परिणामही पाहायला हवेत. १९७७ पासून आपल्याकडे फवारणीसाठी एपीआय २ ही रेषा वापरात आली. २०१६ च्या राष्ट्रीय हिवताप निर्मूलन आराखड्यात राज्यांची वर्गवारी एपीआय १ च्या रेषेवर बेतलेली आहे. तुमचं केंद्र २.४ वरून १.८ वर आलं, म्हणजे दोनच्या रेषेखाली गेलं. ही घट निव्वळ तपासणी कमी झाल्याची असेल आणि तिच्या जोरावर जंगलाकडच्या गावांची फवारणी किंवा मच्छरदाण्या पुढच्या वर्षीच्या आराखड्यातून गळल्या, तर ज्या गावात आपण कमी शोधलं त्याच गावाचं संरक्षणही काढून घेतल्यासारखं होईल. त्यामुळे फवारणीचा निर्णय केंद्राच्या सरासरीवर सोडू नका. उपकेंद्र आणि गाव पातळीवरचा एपीआय मांडा, शेजारी एबीईआर लिहा, आणि जिथे एबीईआर कोसळला आहे तिथे मागच्या पूर्ण तपासणीच्या वर्षाचा आकडा धरण्याचा आग्रह ठेवा.

## एबीईआर दहा टक्के झाला, एवढ्याने भागत नाही

वर्षाला किमान दहा टक्के लोकसंख्येची रक्त तपासणी, हे मानक सगळ्यांना पाठ असतं. पण दहा टक्के केव्हा आणि कुठे घेतले, याला एकूण आकड्याइतकंच महत्त्व आहे. दहा टक्के बारा महिन्यांत सारखे वाटले तर महिन्याला ०.८ टक्के होतात. ३०,००० लोकसंख्येत महिन्याला २५०. ताप मात्र वर्षभर सारखा नसतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत मासिक दर याच्या बराच वर असायला हवा आणि उन्हाळ्यात तो आपोआप खाली येईल. जुलै ते ऑक्टोबर दर महिन्याला दीडशे आणि डिसेंबरात नऊशे असा आलेख दिसला, तर वर्षाचं उद्दिष्ट शेवटच्या महिन्यात भरलेलं आहे हे ओळखायला वेगळा पुरावा लागत नाही. असे नमुने बहुतेक वेळा ताप नसलेल्यांचे असतात. त्याने एबीईआर सुधारतो, एसपीआर पातळ होतो आणि एपीआय तसाच राहतो, कारण नवीन रुग्ण कोणीच सापडत नाही.

एबीईआर वाढला, एसपीआर तेवढ्याच प्रमाणात उतरला आणि दूषितांची संख्या जागची हलली नाही, असं त्रिकूट दिसलं की दोन शक्यता असतात. एक तर तुम्ही खरोखर सगळे रुग्ण आधीच गाठत होता आणि जादा तपासणीत नवीन काही उरलंच नव्हतं. किंवा जादा नमुने चुकीच्या माणसांचे आहेत. फरक कळतो तो नोंदीतून. एकाच तारखेला एकाच वस्तीत सलग पन्नास नमुने, तापाचे दिवस हा रकाना कोरा किंवा सगळीकडे एकच आकडा, वयाच्या नोंदीत लहान मुलं जवळजवळ नाहीतच, अशी खूण दिसली की गावात जाऊन यादीतल्या दहा घरांत विचारावं. प्रयोगशाळा तंत्रज्ञालाही बऱ्याचदा हे आधी कळतं: एकाच कार्यकर्त्याच्या ओळीने आलेल्या स्लाइड्सवरचे थेंब आकाराने, जाडीने आणि रंगाने हुबेहूब सारखे दिसतात, कारण ते एकाच बोटातून काढलेले असतात. एखाद्या कार्यकर्त्याचे वर्षभराचे सगळे नमुने निरंक आणि त्याच गावातून ओपीडीत आलेल्यांत दूषित सापडतात, हाही तसाच इशारा. यात कार्यकर्त्यावर लगेच ठपका ठेवण्याआधी त्याच्याकडे किती गावं आहेत आणि तो पंधरवड्याची फेरी शारीरिकदृष्ट्या पूर्ण करू शकतो का, हे मोजा. दोन रिकाम्या पदांचा भार एकावर टाकून दहा टक्के मागितले की आकडे असेच येतात.

गावात मोठी ताप साथ आली आणि तुम्ही सरसकट सर्वेक्षण करून पंधराशे नमुने घेतले, तर तेही याच बेरजेत मिसळू नका. ते वेगळ्या ओळीत लिहा. नाहीतर साथीच्याच महिन्यात एसपीआर घटलेला दिसतो.

## एसपीआर खाली येण्याचं एक कारण सूक्ष्मदर्शकाखालीही असतं

निर्देशांकांची चर्चा करताना प्रयोगशाळा विसरली जाते. दूषित नमुना निरंक म्हणून गेला की एसपीआर आणि एपीआय दोन्ही एकदम उतरतात आणि एबीईआर मात्र उत्तम दिसतो. हे सगळ्यात फसवं चित्र, कारण अहवालात कुठेच उणीव दिसत नाही.

जाड थेंबाची स्लाइड निरंक ठरवण्यापूर्वी किमान शंभर फील्ड पाहायची असतात. नीट पाहिलं तर एका स्लाइडला पाचेक मिनिटं लागतात. शंभर स्लाइड्स म्हणजे आठ तासांहून जास्त. नोंदवहीत एकाच तंत्रज्ञाच्या नावावर एका दिवसात दीडशे-दोनशे स्लाइड्स निरंक लिहिलेल्या असतील, तर प्रत्येकीची शंभर फील्ड पाहिली गेलेली नाहीत हे गणितानेच ठरतं. हे बहुधा साठून राहिलेले नमुने एकदम उरकताना होतं. साठण्याचा दुसरा तोटा असा, की स्लाइड रंगवण्याआधी बरेच दिवस गरम हवेत पडून राहिली तर जाड थेंब आपोआप पक्का होतो. मग रंगवताना त्यातलं हिमोग्लोबिन निघून जात नाही, पार्श्वभूमी गढूळ राहते आणि थोडे परजीवी असतील तर ते दिसतच नाहीत.

यासाठी दर महिन्याला एक साधी मोजणी करा: नमुना घेतल्याची तारीख आणि निकालाची तारीख यांत किती दिवसांचं अंतर आहे. नमुन्यादाखल तीस ओळी घेतल्या तरी पुरतं. अंतर आठवड्याच्या पुढे जात असेल तर त्या महिन्याचा कमी एसपीआर सुवार्ता मानू नका. याच अंतरामुळे आणखी एक चूक होते. ऑगस्टमध्ये घेतलेले नमुने सप्टेंबरमध्ये तपासले आणि अहवाल तपासणीच्या तारखेवर गेला, तर साथीचा कळस एक महिना उशिराने दिसतो. आलेख नेहमी नमुना घेतल्याच्या तारखेवर काढा. निरंक स्लाइड्स फेरतपासणीला पाठवताना त्या तंत्रज्ञाने निवडू नयेत, नोंदवहीतल्या क्रमांकावरून दुसऱ्याने निवडाव्यात.

रॅपिड किटने तपासलेले रुग्णही आता एबीईआरमध्ये धरले जातात. धरायलाच हवेत. पण एकाच माणसाची किटही केली आणि स्लाइडही घेतली, तर तो एकच माणूस आहे. दोन नोंदवह्यांतून बेरीज केली की तपासणी दुप्पट दिसते आणि दूषित असेल तर रुग्णही दुप्पट. फॅल्सिपेरमची जी पट्टी एचआरपी-२ या प्रथिनावर चालते, ती पूर्ण उपचारानंतरही काही आठवडे दूषित दाखवू शकते. तोच रुग्ण महिन्याभरात पुन्हा किटवर दूषित आला तर नवीन रुग्ण म्हणून लिहिण्याआधी स्लाइड पाहा. उपचारानंतरच्या पाठपुराव्याच्या स्लाइड्सही नवीन रुग्णांच्या बेरजेत धरू नका. एपीआय माणसांचा असतो, स्लाइड्सचा नसतो.

आशाने घेतलेले नमुने प्रत्यक्ष धरायचे की अप्रत्यक्ष, यावर ठिकठिकाणी गोंधळ असतो. रुग्ण तिच्याकडे आला तर अप्रत्यक्ष, ती फेरीत शोधत गेली तर प्रत्यक्ष, असं धरलं तर चित्र खरं राहतं. काहीही ठरवा, पण दोन्ही वर्षांना एकच नियम लावा. मध्येच नियम बदलला तर वरची सगळी फोड निरुपयोगी होते.

## छेद आणि लहान आकडे

लोकसंख्येचा आकडा एबीईआर आणि एपीआय दोन्हींच्या छेदात असतो, एसपीआरमध्ये नसतो. एका वर्षी २०११ च्या जनगणनेचा आकडा आणि दुसऱ्या वर्षी घरोघरच्या गणनेचा आकडा घेतला, तर काहीही न घडता दोन निर्देशांक हलतात आणि एसपीआर जागेवर राहतो. अशी विसंगती दिसली की आधी छेद तपासा. ऊसतोड, वीटभट्टी, धरणाचं काम यांसाठी येणारी माणसं नमुन्यांत आणि रुग्णांत मोजली जातात पण लोकसंख्येत नसतात, त्यामुळे त्या गावाचा एपीआय फुगतो. त्यांची वेगळी ओळ ठेवा आणि त्यांना लागण कुठे झाली तेही लिहा. बाहेरून आलेला रुग्ण आणि इथेच लागण झालेला रुग्ण यांवर करायची कारवाई वेगळी असते.

पाचशे वस्तीच्या गावात एक रुग्ण म्हणजे एपीआय २. पुढच्या वर्षी शून्य रुग्ण म्हणजे एपीआय ०, त्यापुढे दोन रुग्ण म्हणजे ४. इतक्या लहान गावात एपीआयच्या चढउताराला अर्थ नसतो; तिथे रुग्णांची संख्या आणि प्रत्येक रुग्णाचा माग एवढंच पाहावं. हाच नियम फोडीलाही लागू आहे. माझ्या उदाहरणात जंगलाकडच्या उपकेंद्रात घरोघरच्या ४२ नमुन्यांत २ दूषित होते, म्हणजे ४.८ टक्के. गेल्या वर्षी ३.५ होते. यावरून प्रसार वाढला असं मी म्हणणार नाही. एक रुग्ण कमी निघाला असता तर तोच आकडा २.४ झाला असता.

## आता तुम्ही काय करावं

नोंदवहीतून दोन्ही वर्षांचे नमुने आधी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष असे आणि मग उपकेंद्रनिहाय मांडा. प्रत्येक ओळीत नमुने, दूषित आणि त्यांत फॅल्सिपेरम किती, हे तीनच आकडे पुरेत. एक दिवसाचं काम आहे. त्यात तीन गोष्टी शोधा.

पहिली, दोन्ही वाटांचा एसपीआर वेगवेगळा पाहिल्यावर वाढला आहे का. दोन्ही स्थिर असतील तर घट आणि वाढ दोन्ही बाद. दुसरी, कमी पडलेले १,८०० नमुने कोणत्या उपकेंद्रांतून गळले. सगळीकडून सारखे गळले असतील तर कारण बहुधा केंद्राच्या पातळीवरचं असतं: स्लाइड्स, लॅन्सेट किंवा किट संपणं, तंत्रज्ञ रजेवर असणं. एक-दोन ठिकाणांहून गळले असतील तर ते रिकाम्या पदाचं किंवा पोहोचण्याचं कारण. तिसरी, फॅल्सिपेरमची संख्या. एकूण दूषित ७२ वरून ५४ झाले पण त्यांत फॅल्सिपेरम २० वरून ३० झाले असतील, तर बाकी कुठलाही आकडा काहीही सांगो, त्या गावांकडे आधी जा, कारण हिवतापाने होणारे मृत्यू मुख्यतः फॅल्सिपेरमचे असतात.

ज्या उपकेंद्रात एबीईआर कोसळला आणि ओपीडीतून येणारे दूषित तसेच आहेत, तिथे शेजारच्या आरोग्य सेवकांची दोन जणांची टीम देऊन एक ताप सर्वेक्षण करा. सर्व घरं, फक्त ताप असलेले किंवा पंधरवड्यात ताप येऊन गेलेले, किट लगेच आणि दूषिताला त्याच दिवशी उपचार सुरू. दूषित घराच्या शेजारची घरंही पाहा. या नमुन्यांची वेगळी ओळ ठेवा. रिकामं पद भरेपर्यंत पंधरवड्याची फेरी कोणी करायची हे नावानिशी लिहून द्या आणि पुढच्या जूनपासून त्या उपकेंद्राचा मासिक दर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाहा.

वरिष्ठांना पाठवायच्या टिपणीत एवढं लिहा: ‘एबीईआर १२ वरून ६ झाल्याने दोन वर्षांचे एपीआय तुलनायोग्य नाहीत. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष एसपीआर पुढीलप्रमाणे. गेल्या वर्षीच्या तपासणीच्या प्रमाणात या वर्षीचा अपेक्षित एपीआय सुमारे इतका. नमुने मुख्यतः या उपकेंद्रांत घटले, कारण हे. तोवर या उपकेंद्रांतील फवारणीचा निर्णय गेल्या वर्षीच्या आकड्यांवर ठेवावा.’ मोकळ्या जागी तुमचे खरे आकडे भरा. माझी फोड तिथे उतरवू नका.